‘पाहिला’ म्हणजे निवडला नव्हे

समजा, नाशिकच्या एका तरुणीने पुण्यातल्या कंपनीत अकाउंटंटच्या जागेसाठी पोर्टलवरून अर्ज केला. तिसऱ्या दिवशी Viewed दिसलं. याचा अर्थ एवढाच, की कंपनीच्या बाजूने कोणीतरी अर्ज उघडला. तो नीट वाचला की नुसता वरवर चाळला, हे त्यावरून कळत नाही.

आठवड्याने Under Review आलं. बहुधा भरती करणाऱ्याने अर्ज पुढच्या यादीत टाकला असावा. पण काही कंपन्या आलेले सगळे अर्ज एकगठ्ठा याच टप्प्यावर सरकवतात. म्हणून फोन किंवा मेल येईपर्यंत दुसरीकडे अर्ज करणं थांबवू नये.

शेवटी Not Shortlisted आलं, तर ते कधी आलं ते पाहावं. अर्ज केल्यावर काही मिनिटांतच आलं असेल, तर नोटिस पीरियड, अनुभव किंवा शहर यांबद्दलच्या प्रश्नांच्या उत्तरांवरून संगणकानेच अर्ज गाळला असण्याची शक्यता मोठी. नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड लिहिला आणि कंपनीला तीस दिवसांत माणूस हवा असेल, तर असं होतं. Viewed नंतर लगेच आलं, तर रेझ्युमेचं पहिलं पान तपासावं. जाहिरातीत मागितलेलं टॅली आणि जीएसटीचं काम तिथे ठळक दिसतं का? महिन्याभराने, जाहिरात बंद झाल्यावर आलं, तर बहुतेक जागा भरली गेली आणि उरलेले अर्ज एकदम बंद केले गेले. अशा वेळी रेझ्युमे बदलायची घाई नको.