न्यूयॉर्कचे पाच वाजले की

न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे अडीच झालेले असतात. अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यासाठी मागे घेतली की साडेतीन. चलनबाजाराचा एक दिवस इथे संपतो आणि दुसरा सुरू होतो. पौंड आणि न्यूझीलंड डॉलर या जोडीचा भाव या सुमारास स्क्रीनवर पाहिला, तर खरेदीचा आणि विक्रीचा आकडा बघता बघता एकमेकांपासून दूर जाताना दिसतात. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे स्प्रेड.

स्प्रेड ही भाव देणाऱ्याची मजुरी आहे, तशीच त्याच्या जोखमीची किंमतही. कुणी बँकेला पौंड विकले की ते बँकेच्या अंगावर येतात आणि दुसरा घेणारा मिळेपर्यंत भाव पडण्याचा धोका बँकेचा असतो. दुपारी लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही बाजार उघडे असताना घेणारा क्षणात सापडतो, म्हणून बँका अगदी थोड्या फरकावर काम करतात. न्यूयॉर्कच्या पाचला मात्र लंडन झोपलेलं असतं, टोकियो अजून उठायचं असतं आणि जाग असते ती वेलिंग्टन-सिडनीच्या लहान बाजारांना. त्यातच व्यवहारांची हिशोबाची तारीख बदलते. बँका आपल्या यंत्रणा नव्या दिवसासाठी लावून घेतात आणि तेवढा वेळ कित्येक जण भाव देणंच थांबवतात. जे उरतात, ते जास्त फरक मागतात.

पण सगळ्या जोड्यांना हा फटका सारखा बसत नाही. जगातल्या सुमारे ८९ टक्के चलनव्यवहारांत एका बाजूला अमेरिकी डॉलर असतो. पौंड आणि न्यूझीलंड डॉलर यांची थेट देवाणघेवाण त्यामानाने फारच कमी, म्हणून त्यांचा भाव बहुधा डॉलरमार्गे काढला जातो. मग दोन जोड्यांचे स्प्रेड एकात मिसळतात.

उदाहरणाचे आकडे घेऊ. दुपारी पौंड १.२५०० ला विकता येतो आणि १.२५०१ ला घेता येतो. न्यूझीलंड डॉलरचे भाव ०.६००० आणि ०.६००१. यावरून पौंड-न्यूझीलंड डॉलरचा विक्रीभाव २.०८३० आणि खरेदीभाव २.०८३५ येतो. चौथ्या दशांश स्थानाचा एक अंक म्हणजे एक पिप, तेव्हा फरक झाला पाच पिप. आता पाचच्या ठोक्याला पौंडाचे भाव १.२४९८ आणि १.२५०३ झाले, न्यूझीलंड डॉलरचे ०.५९९७ आणि ०.६००४. नवे भाव निघतात २.०८१६ आणि २.०८४९. बाजार कुठल्याच बाजूला सरकलेला नाही, तरी फरक तेहतीस पिपांवर गेला.

याचा चटका बसतो तो पौंड आधी विकून ठेवणाऱ्याला. त्याने २.०८४५ वर स्टॉप-लॉस लावलेला असतो. विकलेला सौदा खरेदीभावाने मिटतो आणि तो भाव २.०८४९ पर्यंत चढलेला असल्यामुळे सौदा तोट्यात बंद होतो. सकाळी तो चार्ट उघडतो, तर रेघ २.०८४५ च्या जवळपासही गेलेली नसते. कारण मेटाट्रेडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चार्ट सहसा विक्रीभावाचा काढलेला असतो. खरेदीभावाची रेघ सेटिंगमधून चालू केली की स्प्रेड समोर दिसत राहतो. ब्रोकरने लबाडी केली असा संशय आला, तर त्याच मिनिटाचे दोन-तीन वेगळ्या ब्रोकरांचे भाव ताडून पाहावेत. सगळीकडे स्प्रेड फुगला असेल तर तो बाजाराचा. एकाकडेच फुगला असेल तर जाब विचारायला जागा आहे.

टोकियोतले व्यवहार सुरू झाले की फरक आवळत येतो. युरो-डॉलरसारख्या मोठ्या जोड्या आधी सावरतात, आडवळणाच्या जोड्या मागाहून. मात्र अशा विरळ वेळी एखादी मोठी विक्री आली, तर साधा स्प्रेड फुगण्यावर भागत नाही. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी लंडनमध्ये मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली होती, तेव्हा पौंड डॉलरसमोर थोड्याच मिनिटांत सुमारे नऊ टक्के कोसळला आणि नंतर बराचसा सावरला. आंतरराष्ट्रीय सेटलमेंट बँकेच्या बाजार समितीने याचा अभ्यास केला. एकच कारण तिला सापडलं नाही, पण दिवसाच्या त्या वेळेचा वाटा मोठा असल्याचं तिने नोंदवलं. शिकागोच्या वायदेबाजारात पौंडाचे व्यवहार काही क्षण आपोआप थांबले, तेव्हा भाव ठरवायला आधार न उरल्याने आणखी काही जणांनी माघार घेतली.

भारतात राहणाऱ्याला अशा चलनजोड्यांचे सौदे परवानगी असलेल्या मंचांवरच करता येतात. अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. राष्ट्रीय शेअर बाजारात युरो-डॉलर, पौंड-डॉलर आणि डॉलर-येन या जोड्यांचे वायदे संध्याकाळी साडेसातला बंद होतात, म्हणजे न्यूयॉर्कच्या पाचच्या कितीतरी आधी.