पार्सलचा खर्च कोणी सोसायचा?

पांढुर्णा-सौसर भागात संत्र्याचा मुरंबा, कुरडया, पापड घरी बनवून फोनवर ऑर्डर घेणाऱ्या बायका आता बऱ्याच आहेत. माल विकायला त्यांना फारसं शिकवावं लागत नाही, पण पार्सलचा खर्च ग्राहकाकडून कसा घ्यायचा, या प्रश्नावर सगळ्याच अडतात. मार्ग तीन आहेत: सगळ्यांना एकच ठरलेला दर, 'डिलिव्हरी फ्री', किंवा वजनाप्रमाणे पैसे. सौसरच्या आमच्या एका काकूंसोबत मी हा हिशेब मांडला, तोच इथे देते. कुरियरचे दर कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून सोप्या गणितासाठी काही आकडे धरले आहेत.

आधी वजनाचंच बघू. कुरियरवाले सहसा अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतात. ९०० ग्रॅमचं पार्सल त्यांच्या लेखी एक किलोचं. शिवाय डबा किती जागा अडवतो, हेही ते मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. हे 'आकाराचं वजन' आणि काट्यावरचं वजन, यांत जे जास्त, त्याचे पैसे.

काकूंनी अर्धा किलो कुरडया मोडू नयेत म्हणून ३० × २५ × २० च्या खोक्यात भरल्या होत्या. गुणाकार १५,०००, भागून आले ३ किलो! काकू म्हणाल्या, "काऊन वं पोरी, पार्सल तर हलकं आहे, मग तीन किलोचे पैसे कशाचे?" नागपूरसाठी पहिल्या अर्ध्या किलोला ४५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३५ रुपये धरले, तर हे २२० रुपये होतात, म्हणजे कुरडयांच्या किमतीच्या आसपासच. त्याच कुरडया २५ × २० × १५ च्या खोक्यात नीट रचून बसल्या, तर आकाराचं वजन दीड किलो आणि खर्च ११५ रुपये. म्हणून दर ठरवण्याआधी टेप घेऊन खोकं मोजायचं. बिलात 'लावलेलं वजन' तुमच्या काट्यापेक्षा जास्त दिसलं, तर कारण बहुधा हेच असतं. खोक्यावर टेप ठेवून फोटो काढून ठेवला, तर चुकीच्या बिलावर बोलताही येतं.

आता मुरंबा. बरणीची किंमत ३२० रुपये, बनवायचा खर्च १९०, म्हणजे हातात १३०. काचेची बरणी, पॅकिंग धरून वजन ९०० ग्रॅम, म्हणजे एक किलो. नागपूरला ८० रुपये लागतात, बंगळुरूसारख्या दूरच्या गावाला ११० धरू. दहापैकी सात ऑर्डरी जवळच्या आणि तीन दूरच्या असतील, तर सरासरी ८९ येते. म्हणजे 'डिलिव्हरी ९० रुपये, कुठेही' असा एकच दर चालतो. ग्राहकालाही लगेच कळतो. पण यात दोन फटी आहेत. एक, कोणी दोन बरण्या मागवल्या की नागपूरलाच १५० रुपये लागतात आणि आपण घेतले ९०. दोन, हा दर दूरच्या ग्राहकाला स्वस्त पडतो, त्यामुळे दूरच्या ऑर्डरी वाढतात आणि सरासरी वर सरकते. म्हणून दर महिन्याला ती पुन्हा काढायची, आणि 'एका बरणीला ९०, दोनला १६५' असं आधीच लिहून ठेवायचं.

'फ्री' मध्ये खर्च जात नाही, तो फक्त आपल्या बाजूला येतो. दूरच्या एका बरणीवर १३० मधून ११० गेले, खोक्याचे २५ गेले, तर उलट ५ रुपये खिशातून! किंमत ४१० केली, तर दुकानातली बरणी शेजारी ठेवून लोक तुलना करतात. तीन बरण्यांवर फ्री करून पाहिलं: हातात ३९०, दूरचा खर्च ३१०, मोठ्या खोक्याचे ४५, उरले ३५. तीन बरण्यांच्या मेहनतीला एवढंच. जवळच्या ऑर्डरीला खर्च २२०, म्हणून १२५ उरतात. म्हणजे हे आमिष फक्त नागपूर-छिंदवाड्यापुरतं ठेवायला हरकत नाही. त्यातही पैसे माल मिळाल्यावर घ्यायचे असतील, तर सावध. ग्राहकाने पार्सल परत पाठवलं की जायचा आणि अनेकदा यायचाही खर्च आपल्याच माथी.

काकूंचं शेवटी असं ठरलं: मुरंब्याला बरणीप्रमाणे ठरलेला दर, जवळच्या गावांना तीन बरण्यांवर फ्री. कुरडयांचा आकार पॅकेटागणिक बदलतो, म्हणून त्यांना आधी खोकं मोजून वजनाप्रमाणे दर सांगायचा आणि मगच पैसे घ्यायचे. एकाच घरात दोन पद्धती चालतात. माल जड आणि ठरलेल्या मापाचा असेल तर ठरलेला दर, फुगीर आणि बदलता असेल तर वजनाप्रमाणे, आणि फ्री तेव्हाच, जेव्हा पार्सलचा खर्च वजा करूनही ऑर्डरीवर काही उरतं.