वीज गेल्यावर राउटर, वीज आल्यावर अडॅप्टर

घरात येणाऱ्या फायबरच्या तारेतून वीज येत नाही, फक्त प्रकाश येतो. इंटरनेट कंपनीच्या केंद्रातून निघालेला हा प्रकाश वाटेत काचेच्या छोट्या विभाजकांतून अनेक घरांत वाटला जातो आणि या विभाजकांनाही वीज लागत नाही. केंद्रात मोठ्या बॅटऱ्या, बहुतेक ठिकाणी जनरेटरही असतो. म्हणून गावाची लाईट गेली तरी इंटरनेट साधारणपणे घराच्या भिंतीपर्यंत येऊन थांबलेले असते. बंद पडतो तो घरातला फायबरचा डबा, ज्याला लोक सरसकट मोडेम म्हणतात, आणि राउटर वेगळा असेल तर तोही. या दोघांना थोडी वीज मिळाली की काम पुढे चालू राहते.

याला एक अपवाद आहे. स्थानिक केबलचालकाच्या जोडणीत फायबर केंद्रापर्यंत थेट न जाता जवळच्या एखाद्या इमारतीतल्या पेटीत संपत असेल आणि ती पेटी साध्या विजेवर चालत असेल, तर घरात कितीही मोठी बॅटरी ठेवली तरी उपयोग नाही. हे तपासायला डब्यावरचे दिवे पुरतात. वीज गेलेली असताना डबा बॅटरीवर चालू असेल आणि ‘पॉन’चा दिवा स्थिर हिरवा असेल, तर पलीकडचे टोक जिवंत आहे. ‘एलओएस’चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच येत नाही. लाईट गेल्यावर दर वेळी थोड्याच वेळात तो लाल होत असेल, तर दोष घराबाहेर आहे.

राउटरसाठी मिळणारा मिनी यूपीएस हा तळहाताएवढा डबा असतो. आत मोबाइलच्या बॅटरीच्या जातीचे लिथियमचे सेल आणि व्होल्टेज सांभाळणारे छोटे सर्किट असते. बहुतेक प्रकारांत तो अडॅप्टर आणि राउटर यांच्या मध्ये बसतो. भिंतीतला अडॅप्टर यूपीएसला वीज देतो, यूपीएस राउटरला देतो आणि त्याच वेळी स्वतःचे सेल भरतो. वीज गेली की सेल इतक्या झटकन भार उचलतात की राउटरला खंड जाणवत नाही. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरवर राउटर चालतोच, पण काही इन्व्हर्टरांना विजेवरून बॅटरीवर यायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो. तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर फायबरची जोडणी परत मिळायला दोन-चार मिनिटे जातात.

यूपीएसची निवड डब्याच्या मागच्या स्टिकरवरून करायची असते. तिथे व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. फायबरचे डबे बहुतेक 12 व्होल्टचे, पण काही जुने राउटर 9 व्होल्टचेही असतात. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो, म्हणून यूपीएसचे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर मात्र स्टिकरपेक्षा जास्त असले तरी चालतात, कारण राउटर हवे तेवढेच घेतो. पिनच्या आतल्या भागात धन आणि बाहेर ऋण ही खूणही दोन्हीकडे सारखी हवी.

बॅटरी किती वेळ चालेल याचा हिशेब मात्र फसवा असतो. समजा यूपीएसवर 8800 एमएएच लिहिले आहे. हा आकडा सेलच्या 3.7 व्होल्टला धरून असतो, राउटरच्या 12 व्होल्टला नाही. 8.8 ला 3.7 ने गुणले की सुमारे 32 वॉट-तास येतात. व्होल्टेज वाढवताना होणारी घट वजा केली की हाती सुमारे 27 राहतात. वाय-फायसह फायबरचा एक डबा साधारण 9 वॉट खातो, म्हणजे तीन तास मिळतात. डबा आणि राउटर वेगवेगळे असून मिळून 12 वॉट घेत असतील, तर दोन तासांहून थोडे जास्त. स्टिकरवरचे 12 व्होल्ट आणि दीड अँपिअर, म्हणजे 18 वॉट, ही कमाल मर्यादा असते; रोजचा खर्च तिच्या निम्म्यापर्यंतच राहतो.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या जुना अडॅप्टर तसाच वापरल्यामुळे. 12 व्होल्ट, एक अँपिअरचा अडॅप्टर 12 वॉट देतो. त्यातले 9 राउटरने घेतले की सेल भरायला तीनच उरतात. यूपीएस रिकामा असेल तर तो जास्त ओढू पाहतो, अडॅप्टर तापतो, व्होल्टेज खाली येते आणि वीज चालू असतानाही राउटर मधूनच बंद पडतो. म्हणून यूपीएससाठी दोन अँपिअर किंवा त्याहून मोठा अडॅप्टर लागतो. तरीही रिकामे सेल पूर्ण भरायला तीन तास लागू शकतात. लोडशेडिंग दिवसातून दोनदा आणि लागोपाठ असेल तर दुसऱ्या वेळी कमी वेळ मिळतो, तो यामुळे.

इथपर्यंत वीज जाण्याचा विचार झाला. नुकसान मात्र बहुतेक वेळा वीज परत येताना किंवा चालू असताना होते आणि ते दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होते. एक असतो क्षणाचा झटका. जवळपास वीज पडली किंवा लाईनवर मोठी मोटर बंद-चालू झाली की सेकंदाच्या लाखाव्या भागांपुरते व्होल्टेज शेकडो, कधी हजारो व्होल्टपर्यंत उसळते. दुसरा प्रकार असतो रेंगाळणारे जास्त व्होल्टेज. महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर आणि जुन्या इमारतींत उपकरणे जळतात ती बरेचदा या दुसऱ्या प्रकाराने आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे तुटलेला किंवा सैल न्यूट्रल.

डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळून 230 व्होल्ट मिळतात, तर दोन फेजच्या मध्ये सुमारे 400 व्होल्ट असतात. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरे त्या 400 व्होल्टवर एकापाठोपाठ जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात भार कमी, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. एका घरात 2000 वॉटचा गीझर चालू आहे आणि दुसऱ्यात फक्त 100 वॉटचे दिवे, पंखे आणि राउटर असे धरले, तर दुसऱ्या घराला 380 व्होल्टच्या आसपास मिळतात. तिथे दिवे भगभगतात, पंखा वेगाने फिरतो. शेजारी मात्र दिवे मंद असतात. असे दिसले की आधी मेन स्विच बंद करायचा आणि मग वायरमनला बोलवायचे.

राउटरचा अडॅप्टर आलेल्या विजेचे सर्वप्रथम डीसीत रूपांतर करतो आणि ती एका कपॅसिटरमध्ये साठवतो. 230 व्होल्ट एसीचे तिथे सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात. कपॅसिटरची क्षमता बहुधा 400 व्होल्टची असते, त्यामुळे नेहमीचे चढउतार खपून जातात. 380 व्होल्ट एसीचे मात्र 537 व्होल्ट डीसी होतात. कपॅसिटर फुगतो, फुटतो, कधी आवाजासह धूर येतो. राउटर मात्र बरेचदा वाचतो, कारण अडॅप्टरच्या दोन भागांत थेट जोडणी नसते आणि पहिला भाग मेला की दुसऱ्याकडे काही पोहोचतच नाही.

बाजारात मिळणारा स्पाइक गार्ड पहिल्या प्रकाराच्या झटक्यासाठी असतो. त्यात व्हॅरिस्टर नावाची झिंक ऑक्साइडची चकती असते. 230 व्होल्टला ती गप्प बसते, पण सव्वाचारशे व्होल्टच्या वर गेले की एकदम वाहक होते आणि झटका स्वतःत जिरवते किंवा अर्थिंगकडे वळवते. प्रत्येक मोठ्या झटक्याने ती थोडी झिजते. न्यूट्रल तुटल्यावर तर व्होल्टेज सेकंदाला शंभर वेळा तिच्या मर्यादेपलीकडे जाते. चकती थोड्याच वेळात तापून जळते. म्हणून रेंगाळणाऱ्या जास्त व्होल्टेजवर स्पाइक गार्ड हा उपायच नव्हे. तिथे व्होल्टेज मोजून वीज तोडणारे कट-ऑफ उपकरण लागते, शक्यतो लाईट परत आल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मगच जोडणारे. अर्थिंग नसलेल्या घरात चांगल्या स्पाइक गार्डचेही अर्धे काम होत नाही, आणि स्पाइक गार्डच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त बोर्डांत व्हॅरिस्टर नसतोच.

मिनी यूपीएसमुळे मिळणारे खरे संरक्षण वेगळेच आहे आणि त्याकडे फारसे लक्ष जात नाही. यूपीएस झटका अडवत नाही, पण त्याच्यामुळे अडॅप्टर भिंतीतून काढून ठेवता येतो आणि इंटरनेट चालूच राहते. वळवाच्या पावसात किंवा परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येऊ लागला की प्लग उपसून टाकायचा. लाईट गेल्यावरही तसेच, कारण ती परत येताना अनेकदा दोन-तीनदा ये-जा करते आणि सगळ्या गावाचे फ्रिज, पंप एकाच वेळी सुरू होत असतात. दिवे दहा मिनिटे स्थिर राहिले की प्लग परत लावावा. फक्त स्विच बंद करणे पुरेसे नाही. स्विच एकच तार तोडतो आणि त्याच्या टोकांमधले अंतर विजेच्या झटक्यापुढे तोकडे पडते.

प्लग काढला तरी एक वाट उघडी राहते. गच्चीवरच्या कॅमेऱ्याकडे किंवा वरच्या मजल्यावर गेलेली लॅनची तार तांब्याची असते आणि जवळ वीज पडली की तिच्यातून झटका थेट राउटरच्या पोर्टवर येतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण खांबावरून येणाऱ्या फायबरच्या केबलला आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. ती घराबाहेरच कापून खुंटीला बांधलेली असावी, डब्यापर्यंत आत आणलेली नसावी.

झटका बसूनही डबा लगेच मरतोच असे नाही. एखादेच लॅन पोर्ट मरते आणि बाकी सगळे चालते, किंवा अडॅप्टरमधला कपॅसिटर अर्धवट कमजोर होतो. तेव्हा दिवे लागतात, पण घरातले सगळे फोन एकाच वेळी वाय-फायवर आले की राउटर पुन्हा पुन्हा सुरू होतो. मल्टीमीटरवर असा अडॅप्टर रिकामा असताना 12 व्होल्ट दाखवतो आणि भार लावताच 10 च्या खाली उतरतो. नवा अडॅप्टर लावून पाहिल्याशिवाय राउटर फेकून देऊ नये.

यूपीएसचे सेलही झिजतात आणि गरम राउटरच्या वर ठेवले तर लवकर झिजतात. डबा भिंतीला मोकळ्या जागी, उन्हापासून दूर ठेवावा. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून किती वेळ चालतो ते घड्याळात पाहावे. तीन तासांचे दीड तास झाले, की सेल निम्म्यावर आले. डबा फुगलेला दिसला किंवा वीज चालू असताना हाताला चटका बसण्याइतका तापला, तर वेळ न मोजता तो काढून टाकावा आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.