फॉर्ममधला रकाना आणि त्यापुढचं काम

शिबिरं, परिसंवाद, व्याख्यानमाला यांच्या नोंदणी-फॉर्मवर कधीकधी एक प्रश्न असतो: ‘आपण दिव्यांग आहात का? असल्यास प्रकार लिहा.’ एवढं विचारलं की आपलं काम झालं, असं आयोजकांना वाटतं. पण या प्रश्नाच्या उत्तरातून हाती काहीच लागत नाही. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्यांतला कुठला, हे कळलं तरी सभागृहात काय करायचं ते कळत नाही. फॉर्मवर दोघांनी ‘कर्णबधिर’ असं लिहिलं, तर त्यांतल्या एकाला जन्मापासून ऐकू येत नसेल आणि सांकेतिक भाषाच त्याची भाषा असेल. त्याला दुभाषक हवा. दुसऱ्याचे कान साठीनंतर गेले असतील. त्याला खुणांतलं अक्षर कळणार नाही. त्याला वक्त्याचे ओठ दिसतील अशी पुढची खुर्ची हवी, किंवा बोललेलं पडद्यावर लिहून यायला हवं. आणि गुडघे दुखणाऱ्या आजी तर स्वतःला दिव्यांग म्हणतच नाहीत. त्यांचा रकाना कोरा राहतो आणि त्यांची जागा बाल्कनीत येते.

म्हणून प्रकार न विचारता गरज विचारावी: ‘कार्यक्रमात नीट भाग घेता यावा यासाठी आपल्याला काय लागेल?’ खाली खुणेच्या चार-सहा चौकटी द्याव्यात: व्हीलचेअरसाठी जागा, पायऱ्या नसलेली वाट, सांकेतिक भाषेचा दुभाषक, मोठ्या अक्षरांतला मजकूर, ब्रेल, सोबत मदतनीस. शेवटी एक मोकळी ओळ. प्रमाणपत्र मागू नये. खुर्ची हलवायला प्रमाणपत्र लागत नाही. प्रश्नाशेजारी एक फोन नंबर आणि उत्तर द्यायची शेवटची तारीख हवी. खुर्च्या सकाळी हलवता येतात, पण दुभाषक आदल्या दिवशी मिळत नाही.

समजा, एका जिल्ह्याच्या गावी नगरपालिकेच्या नाट्यगृहात दोन दिवसांचं वाचन-शिबिर आहे. अडीचशे नावं आली. बहुतेकांनी हा प्रश्न मोकळा सोडला. तीन उत्तरं मात्र कामाला लावणारी आहेत. एका कर्णबधिर जोडप्याला दुभाषक हवा आहे. व्हीलचेअरवर येणाऱ्या एका ग्रंथपाल बाईंना पहिल्या दिवशीच्या चर्चेत बोलायचंही आहे. आणि दृष्टी मंदावलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मोठ्या अक्षरांतली टिपणं मागितली आहेत.

सुरुवात दुभाषकापासून करावी, कारण सगळ्यात आधी ठरवावं लागतं ते हेच. एकाच वेळी ऐकायचं आणि खुणांत सांगायचं, हे डोकं शिणवणारं काम आहे. वीस-तीस मिनिटांनी वाक्यं गळायला लागतात. म्हणून दिवसभराच्या कार्यक्रमाला किमान दोघे लागतात. ते आळीपाळीने उभे राहतात. प्रशिक्षित दुभाषक मोजके आहेत. जिल्ह्याच्या गावी ते मुंबई-पुण्याहून बोलवावे लागण्याचीच शक्यता अधिक, तेव्हा प्रवास आणि मुक्काम अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा. मराठी भाषण ऐकून थेट खुणा करता येतात का, हेही त्यांना स्पष्ट विचारावं. भाषणांचे मुद्दे, लेखकांची नावं आणि वाचल्या जाणाऱ्या कविता त्यांना आठवडाभर आधी द्याव्यात. ज्या नावाला ठरलेली खूण नाही, ते एकेक अक्षर बोटांनी दाखवावं लागतं; नाव आधी ठाऊक नसेल तर ते चुकतं. कुणाला बोलवायचं हे त्या जोडप्यालाही विचारावं. त्यांच्या ओळखीचे, त्यांच्या खुणा समजणारे दुभाषक असू शकतात.

दुभाषक वक्त्याच्या शेजारी, उजेडात उभे राहतात आणि जोडपं त्यांच्या समोर बसतं. इथे हमखास घडणारी गोष्ट म्हणजे माहितीपट सुरू झाला की कुणीतरी सगळे दिवे घालवतं. दुभाषकावर एक छोटा दिवा चालू ठेवायचा, हे प्रकाशयोजना पाहणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं. आणखी एक चूक पैसे वाचवण्याच्या नादात होते: दुभाषकाचे तास फक्त व्यासपीठापुरते मोजले जातात. निम्मं शिबिर जेवणाच्या रांगेत होतं, आणि तिथे हे जोडपं एकटं पडतं.

ग्रंथपाल बाईंसाठी नाट्यगृहात मोजपट्टी घेऊन जावं. ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ या फोनवरच्या उत्तरावर विसंबू नये. पायरीवर टाकलेल्या फळीलाही रॅम्प म्हटलं जातं. उताराचं प्रमाण एकास बारा असावं लागतं, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब उतार. तीन फूट उंच व्यासपीठाला तो छत्तीस फूट होतो, आणि तेवढी जागा सहसा कुठेच नसते. मग चौघे तरुण खुर्चीसह बाईंना उचलून वर ठेवतात. हे धोक्याचंही आहे आणि त्यांचा मान राखणारंही नाही. त्यापेक्षा ती चर्चाच खाली, प्रेक्षकांच्या पातळीवर घ्यावी; सगळे वक्ते खाली बसले की प्रश्न मिटतो.

बसण्याची जागा साधारण ९० बाय १२० सेंटिमीटर लागते आणि शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची. नाट्यगृहातल्या खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असतात, त्यामुळे रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढता येतील का, हे व्यवस्थापकांना आधी विचारावं लागतं. ते जमलं नाही म्हणून व्हीलचेअर बाहेर पडण्याच्या वाटेत लावली, तर ऐनवेळी तीच सगळ्यांना अडवते. स्वच्छतागृहाचं दार मात्र स्वतः उघडून पाहावं. आत झाडू-बादल्या भरलेल्या असतात, किंवा कुलूप असतं आणि किल्ली नेमकी रजेवर गेलेल्या माणसाकडे.

शिक्षकांचं काम सोपं वाटतं. सोपं समजूनच ते बिघडतं. नेहमीचं टिपण झेरॉक्सवर वाढवून मोठ्या कागदावर काढलं, की मांडीवर न मावणारा तक्ता तयार होतो. त्याऐवजी मूळ मजकूरच १८ किंवा २० पॉइंटमध्ये, ए-फोर कागदावर नव्याने मांडावा. देवनागरीत उकार खाली आणि रफार वर जातो, म्हणून ओळींमध्ये जादा जागा सोडावी, नाहीतर एका ओळीचा उकार दुसरीच्या वेलांटीत अडकतो. अक्षर जाड रेषेचं असावं आणि कागद न चकाकणारा. नेमका आकार त्यांनाच फोनवर विचारणं उत्तम.

कदाचित ते म्हणतील, ‘फाईलच पाठवा, मी मोबाईलवर ऐकेन.’ मग ती फाईल युनिकोडमध्ये हवी. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यातून निरर्थक अक्षरं बडबडतं. तपासणं सोपं आहे: त्यातलं एक वाक्य उचलून मेसेजमध्ये डकवावं. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर नव्याने टाईप करावा लागेल. पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफमधून तर काहीच ऐकू येत नाही.

हे सगळं एका माणसाच्या वहीत असावं: कुणाला काय, कोण करणार, कधीपर्यंत. त्यानेच त्या सगळ्यांना काय जमलं आणि काय जमणार नाही, ते कळवावं. नकार मिळाला तर माणूस निदान तिकीट काढण्याआधी निर्णय घेऊ शकतो. दारातल्या स्वयंसेवकांना फक्त कामापुरतं सांगावं. ‘कुणाला काय झालंय’ ही यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरता कामा नये, आणि कार्यक्रम संपला की ती नष्ट करावी.

तुमच्या संस्थेची पुढची निमंत्रणपत्रिका छापायला जाईल, तेव्हा तारीख आणि स्थळाच्या खाली ‘काय लागेल ते अमुक तारखेपर्यंत कळवा’ अशी एक ओळ आणि नंबर टाका. पण त्याआधी तो फोन कोण उचलणार, ते ठरवा.