साइट इंजिनिअरची मुलाखत : एका फुटिंगचे तीन प्रश्न

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री झाली की मुलं साइट इंजिनिअरच्या मुलाखतीला जातात. जाताना 'सिमेंटचे प्रकार किती', 'स्लम्प टेस्ट म्हणजे काय' अशी प्रश्नोत्तरं पाठ करून जातात. पण अनुभवी इंजिनिअर मुलाखत घ्यायला बसला असेल तर तो बऱ्याचदा एक ड्रॉइंग पुढे सरकवतो आणि म्हणतो, "हे वाच आणि मला सांग." पुढचे सगळे प्रश्न त्या एकाच कागदातून निघतात. ते कसे निघतात, हे आपण शिक्षकांनी आणि पालकांनीही समजून घेतलं तर मुलांची तयारी नीट करून घेता येईल. त्यासाठी एक साधं उदाहरण घेऊ.

समजा ड्रॉइंगवर एफ-१ नावाचं फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, दाखवलं आहे. अशी १२ फुटिंग आहेत. माप १.५ मीटर × १.५ मीटर, जाडी ४५० मिमी. खाली १०० मिमी जाडीचं पीसीसी आहे आणि ते चारही बाजूंनी १०० मिमी बाहेर आलेलं आहे. पीसीसीचा तळ जमिनीपासून १.८ मीटर खाली आहे. जाळी १० मिमी सळईची, दोन्ही दिशांना १५० मिमी अंतराने. सळईची टोकं २०० मिमी वर वळवलेली, कव्हर ५० मिमी, काँक्रीट एम२०. वर २३० × ४५० मिमीचा कॉलम.

पहिला प्रश्न : ड्रॉइंगमध्ये आधी काय बघशील?

बहुतेक मुलं लगेच मापं वाचायला लागतात. खरं तर नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत जायला हवी. ड्रॉइंग कितव्या सुधारणेचं आहे आणि त्यावर बांधकामासाठी मंजूर असा शिक्का आहे का, हे तिथे कळतं. जुन्या सुधारणेच्या कागदावरून पाया भरला तर तो फोडण्याशिवाय मार्ग राहत नाही.

मग हमखास विचारतात, "एक माप लिहिलेलंच नाही. पट्टीने मोजशील का?" उत्तर 'नाही' असंच हवं. झेरॉक्स काढताना कागद लहानमोठा होतो, म्हणून लिहिलेलं मापच धरायचं आणि नसेल तर डिझायनरला विचारायचं. आर्किटेक्टच्या आणि स्ट्रक्चरच्या ड्रॉइंगमध्ये कॉलमची ४५०ची बाजू वेगवेगळ्या दिशेला दिसत असेल तरी हाच नियम. स्वतःच्या मनाने एक निवडायचं नाही, लेखी विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत त्या कॉलमचं काम थांबवायचं.

दुसरा प्रश्न : माल किती लागेल?

काँक्रीट सोपं आहे. १.५ × १.५ × ०.४५ म्हणजे एका फुटिंगला १.०१ घनमीटर, बाराला १२.१५ घनमीटर. १ : १.५ : ३ हे प्रमाण धरलं तर सिमेंटच्या गोण्या किती? ओलं काँक्रीट दबून बसतं, म्हणून कोरडा माल १.५४ पट धरतात. १२.१५ × १.५४ = १८.७ घनमीटर. प्रमाणाची बेरीज ५.५, तेव्हा सिमेंट १८.७ ÷ ५.५ = ३.४ घनमीटर. एका गोणीचं आकारमान ०.०३४७ घनमीटर, म्हणजे साधारण ९८ गोण्या. वाळू ५.१ आणि खडी १०.२ घनमीटर. आता समोरचा म्हणेल, "ब्रासमध्ये सांग." आपल्याकडे वाळूवाला घनमीटर बोलत नाही. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. तेव्हा वाळू १.८ ब्रास, खडी ३.६ ब्रास. ताळा असा : एम२०ला घनमीटरमागे आठेक गोण्या लागतात. उत्तर ८० किंवा ०.८ आलं तर मिमी-मीटरची गडबड झालेली आहे. आणि एम२५ विचारलं तर पाठ केलेलं प्रमाण सांगायचं नाही. एम२०च्या वर मिक्स डिझाइन लागतं, गोण्यांचा आकडा त्यातून येतो.

सळईत दोन ठिकाणी मुलं घसरतात. दोन्ही बाजूंचं कव्हर वजा करून १४०० मिमी उरतात. त्याला १५०ने भागलं की ९.३३. म्हणजे गाळे ९ धरायचे की १०? १५० हे जास्तीत जास्त अंतर आहे, म्हणून १० गाळे आणि सळया त्याहून एक जास्त, ११. दोन्ही दिशा मिळून २२. एका सळईची लांबी १.४ अधिक दोन टोकांचे ०.४, त्यातून दोन बेंडची ०.०४ वजावट, म्हणजे १.७६ मीटर. वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ : १० मिमीला मीटरमागे ०.६१७ किलो. एका फुटिंगला २३.९ किलो, बाराला सुमारे २८७ किलो. कॉलमच्या सळया यात नाहीत, हे आपणहून सांगितलं तर बरं.

खोदाईला मात्र दोन उत्तरं आहेत. पीसीसीच्या मापाने १.७ × १.७ × १.८ म्हणजे ५.२ घनमीटर. पण माणसाला खाली उतरून फळ्या लावायला जागा हवी. चारही बाजूंनी ३०० मिमी सोडले तर २.३ × २.३ × १.८ म्हणजे ९.५ घनमीटर, जवळजवळ दुप्पट! बिलात यातला कोणता आकडा धरायचा हे करारात लिहिलेलं असतं. जेसीबी आणि डंपर मागवताना मात्र दुसराच धरावा लागतो. "बिलासाठी सांगू की साइटसाठी?" असं ज्याने उलट विचारलं, त्याला काम कळतं हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं.

तिसरा प्रश्न : हा खड्डा सुरक्षित आहे का?

इथे मुलं 'हेल्मेट, बूट, बेल्ट' अशी यादी म्हणून दाखवतात. प्रश्न मात्र १.८ मीटरचा आहे. दीड मीटरपेक्षा खोल खोदाई असेल तर मातीला आधार द्यायचा किंवा बाजू उताराच्या करायच्या, असं भारतीय मानक सांगतं. काढलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकायची. काठावरचा ढीग आणि जवळ उभी गाडी, दोन्हींचा भार खड्ड्याच्या भिंतीवर येतो. उतरायला शिडी हवी. घनमीटरभर मातीचं वजन दीड टनाच्या वर असतं, त्यामुळे छातीपर्यंत दबलेल्या माणसाला श्वासही घेता येत नाही. आणि बाजू उताराच्या केल्या की खोदाई ९.५ घनमीटरच्याही पुढे जाते. म्हणजे तिसऱ्या उत्तराने दुसरं उत्तर बदललं, हेही सांगता यायला हवं.

शेवटी विचारतात, "रात्री पाऊस झालाय. खाली दोघं जाळी बांधतायत. काठापासून फूटभर अंतरावर भेग दिसते. मालक म्हणतो काँक्रीट आजच करा. काय करशील?" काठाला समांतर भेग म्हणजे तो भाग सुटायला लागलाय. उत्तराचा क्रमच इथे महत्त्वाचा. आधी दोघांना बाहेर काढायचं, मग काठाजवळ कुणी आणि कुठली गाडी येणार नाही असं बघायचं, मग वरिष्ठांना फोन. "आधी साहेबांना विचारीन" असं म्हणणारा मुलगा, ते विचारून होईपर्यंत दोन माणसं खड्ड्यातच ठेवतो.

वर्गात किंवा घरी सराव घ्यायचा असेल तर असंच एका फुटिंगचं ड्रॉइंग, कोरा कागद आणि अर्धा तास द्या. उत्तरं तोंडी घ्या आणि प्रत्येक आकड्याला एकच विचारा, "हा कशावरून?"