ब्रँड ॲम्बेसेडर
ब्रँड ॲम्बेसेडर म्हणजे मोबदला घेऊन एखाद्या कंपनीचा चेहरा बनणारी व्यक्ती. निवड करताना तिचा चाहतावर्ग कंपनीच्या ग्राहकांशी जुळतो का आणि जाहिरात तिच्या कोणत्या गुणावर उभी राहणार, हे पाहिले जाते.

ॲक्सेंचर ही सल्लागार कंपनी २००३ पासून गोल्फपटू टायगर वुड्सच्या प्रतिमेतून उद्योगपतींना अचूक निर्णयाची ग्वाही देत असे. त्याचे विवाहबाह्य संबंध उघडकीस आल्यावर डिसेंबर २००९ मध्ये तिने करार संपवला आणि विमानतळांवरील फलकही उतरवले. गोल्फ साहित्य विकणाऱ्या नायकेने मात्र त्याला सोडले नाही. त्याचे क्रीडाकौशल्य अबाधित होते. प्रतिमेस बाधा आल्यास करार रद्द करण्याचे कलम अशा करारांत असते. परंतु त्यामुळे जाहिरातींवर आधीच झालेला खर्च भरून निघत नाही.