वाढीव खोलीचा हिशेब

जुन्या घराला लागून एक खोली काढायची ठरली की गवंडी भिंतींकडे नजर टाकतो आणि ‘अडीच-तीन हजार विटा लागतील’ म्हणतो. अंदाज बहुधा फार चुकत नाही. पण त्या ‘अडीच-तीन’मधल्या पाचशे विटांचे पैसे घरमालकच मोजतो, म्हणून टेप घेऊन बसलेलं बरं.

आतून 12 बाय 10 फूट आणि 10 फूट उंच अशी खोली धरू. पाया आणि स्लॅब यांचा हिशेब वेगळा. खोलीची 12 फुटांची एक बाजू घराचीच भिंत आहे आणि दार तिच्यातच पाडायचं आहे, त्यामुळे बांधायच्या तीनच भिंती. नऊ इंची जाडीमुळे समोरची भिंत बाहेरून साडेतेरा फूट होते. तिला टेकणाऱ्या दोन भिंती दहा-दहा फुटांच्या, म्हणजे कोपरे दोनदा मोजले जात नाहीत. एकूण साडेतेहतीस फूट, उंचीने गुणल्यावर 335 चौरस फूट. त्यातून 4 बाय 4 च्या दोन खिडक्या वजा केल्या की जवळपास 300 उरतात.

9 बाय 4 बाय 3 इंचाची वीट आणि अर्धा इंच सांधा असेल, तर नऊ इंची भिंतीला चौरस फुटामागे साधारण नऊ विटा बसतात. म्हणजे 2700. भट्टीनुसार विटेचं माप बदलतं, तेव्हा दहा विटा ओळीत लावून सरासरी काढावी. वाहतुकीत फुटणाऱ्या आणि तोडाव्या लागणाऱ्या विटांसाठी पाच टक्के वाढवले की 2835. कच्च्या भाजणीचा माल असेल, तर दहा टक्के धरावेत.

आता सिमेंट-वाळू. भिंतीचं घनफळ 225 घनफूट, त्यातल्या विटा 169, म्हणजे मसाला 56 घनफूट. पाणी पडलं की कोरडं मिश्रण आटतं, म्हणून 1.3 ने गुणून 73. एकास सहा प्रमाणात त्याला सुमारे साडेआठ गोणी सिमेंट आणि 62 घनफूट वाळू लागते. आतबाहेरचा गिलावा लोक हमखास विसरतात. एकास चार प्रमाणात त्यालाच आणखी आठेक गोणी आणि 40 घनफूट वाळू जाते. दहा टक्के वाया धरून सिमेंट 18 गोणी.

वाळू मात्र फसवी. ती ओलसर असली की फुगते, कधी पाव भागापर्यंत, म्हणजे ट्रॉलीत एक ब्रास दिसली तरी कोरडी तेवढी भरत नाही. शिवाय चाळल्यावर खडे आणि कचरा निघतो तो वेगळाच. म्हणून 102 घनफुटांसाठी एक ब्रास (100 घनफूट) न मागवता सव्वा ब्रास मागवावी.

रंगाला वेगळा नियम लागतो. जी सामाईक भिंत विटांच्या हिशेबात नव्हती, ती इथे परत येते. आतल्या नव्या भिंती 288, दार सोडून जुनी भिंत 99 आणि छत 120, मिळून 507 चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे साठ चौरस फूट धरले की साडेआठ लिटर होतात. एकाच बॅचचा दहा लिटरचा डबा घेतला, तर नंतर लागणाऱ्या किरकोळ डागडुजीलाही छटा जुळते. बाहेरच्या भिंतीला मात्र हे गणित चालत नाही. खरखरीत गिलावा रंग जास्त पितो, तेव्हा आधी एक लिटर लावून तो किती फूट पुरतो ते पाहून मगच उरलेला आणावा.